‘८७ टक्के मशीन’ हा शेरा येतो कुठून?

प्रश्न: आम्ही नाशिक जिल्ह्यात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेतो. यंदा ११८ निबंध आले, सगळे मराठीत आणि टाइप केलेले. एका परीक्षकांनी ते कुठल्याशा वेबसाइटवर टाकून पाहिले. ११ निबंधांवर ८० टक्क्यांच्या वर ‘मशीन’ असा शेरा आला, आणि त्यातला ८७ टक्केवाला निबंध आमच्या पहिल्या तिनांत आहे. एआयच्या मजकुरात वॉटरमार्क असतो असे वाचले होते. हा शेरा त्यावरूनच येतो ना? या ११ जणांना बाद करावे का?

उत्तर:

नाही, त्यावरून येत नाही. आणि नुसत्या त्या शेऱ्यावर एकालाही बाद करू नका. उरलेले १०७ निबंध मुलांनीच लिहिले आहेत असेही धरून चालू नका.

मी चौदा वर्षे मराठी मजकुरावर चालणारी सॉफ्टवेअर बनवतो. शुद्धलेखन तपासणी, फॉन्ट बदलणे, मजकुराचे वर्गीकरण अशी कामे. मध्यंतरी एका ग्राहकासाठी वॉटरमार्क घालणे आणि ओळखणे या दोन्हींवर वर्षभर प्रयोग केले. त्यात हात पोळले, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वॉटरमार्क म्हणजे मजकूर तयार होतानाच मॉडेलने मुद्दाम सोडलेली खूण. ती ओळखायला ज्याने खूण घातली त्याची गुप्त किल्ली लागते. तुमच्या परीक्षकांच्या वेबसाइटकडे अशी किल्ली असण्याचे काही कारण नाही. ती करते तो अंदाज. मजकुराच्या वळणाकडे बघून ‘असे सहसा मशीन लिहिते’ एवढेच ती म्हणते. कुंडली बघून माणूस चोर आहे की नाही सांगणे आणि चोरीच्या मालावरचा ठसा जुळवणे यात जो फरक, तोच इथे आहे. मात्र ठसाही किती लवकर पुसला जातो ते पुढे सांगतो.

आधी अंदाजाबद्दल. भाषेचे मॉडेल प्रत्येक जागी पुढचा शब्द कोणता येईल याच्या शक्यता काढते. ओळखणारे साधन उलट्या बाजूने तेच करते. तुमचा मजकूर वाचत जाते आणि प्रत्येक शब्द किती अपेक्षित होता ते मोजते. शब्द सतत अपेक्षित येत गेले तर ‘मशीन’, मधूनमधून धक्के बसले तर ‘माणूस’. बरीच साधने याला वाक्यांच्या लांबीतला चढउतार किंवा आणखी काही मोजमापे जोडतात, काही जण दोन्ही प्रकारचे मजकूर दाखवून वेगळे मॉडेल शिकवतात. पण गाभा साधारण असाच.

आता नाशिकच्या आठवीतल्या मुलाचे वाक्य घ्या. ‘गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरी पर्वतावर उगम पावते. तिला दक्षिणगंगा असेही म्हणतात.’ यातला एकही शब्द अनपेक्षित नाही. ‘उगम’ म्हटले की ‘पावते’ येणारच. हे वाक्य पाठ्यपुस्तकात आहे, गाइडात आहे, पंचवटीतल्या माहितीफलकांवरही याच धर्तीचे काहीतरी असते. मुलाने ते मनापासून, स्वतःच्या हाताने लिहिले तरी साधनाला ते मशीनसारखेच दिसणार. शाळेत निबंधाला मार्क मिळतात तेच मुळी अशा घोटीव वाक्यांना. सुरुवातीला सुविचार, मध्ये तीन मुद्दे, शेवटी संदेश. आपण वर्षानुवर्षे मुलांना हा साचा शिकवला, आणि साधन नेमका साचाच शोधते.

हे इंग्रजीत नीट मोजले गेले आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेतले ९१ निबंध घेतले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते. सात साधनांवर ते तपासले तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे म्हणून निघाले. शब्दसंपत्ती मर्यादित असली की माणूस सोपा, ठरलेला शब्द निवडतो, आणि ठरलेला शब्द म्हणजे अपेक्षित शब्द. ज्या मुलाच्या घरी अहिराणी किंवा कोकणी बोलतात आणि प्रमाण मराठी जो फक्त शाळेत लिहितो, त्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. पेठ-सुरगाण्याकडून निबंध आले असतील तर हे आधी डोळ्यासमोर ठेवा.

माझ्याच बाबतीत घडलेले सांगतो. २०१२ साली मी एका स्मरणिकेसाठी लासलगावच्या कांदा बाजारावर लेख लिहिला होता. भाव कसे निघतात, लिलावात बोली कशी चढते, असा माहितीपर मजकूर. प्रयोगाच्या काळात गंमत म्हणून तो एका साधनात टाकला. उत्तर आले, ‘बहुतांश मशीन’. २०१२ साली असे मशीन कुठे होते? मी खाली मान घालून तो लेख पुन्हा वाचला आणि कबूल करतो, रटाळ होता. पण रटाळपणा हा गुन्हा नव्हे.

साधन कधी कधी चुकते असे म्हणून मात्र काही ठरत नाही. किती वेळा आणि कोणत्या बाजूने चुकते ते कळायला हवे. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले, आणि त्याचे आकडे स्वतःच जाहीर केले. मशीनच्या मजकुरापैकी २६ टक्के पकडले जात होते आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकून शिक्का बसत होता. ते इंग्रजीपुरतेच वापरा आणि हजार अक्षरांपेक्षा लहान मजकुरावर विसंबू नका, असेही त्यांनीच बजावले होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतले.

हे आकडे तुमच्या स्पर्धेवर बसवून बघू. हिशेबाला सोपे म्हणून १२० निबंध धरा. त्यातले २० खरोखर मशीनने लिहिलेले आणि १०० मुलांचे असे समजा. २० पैकी २६ टक्के म्हणजे साधारण ५ सापडतील. १०० पैकी ९ मुलांवर खोटा शिक्का बसेल. एकूण यादी १४ जणांची, आणि त्यातले ९ निर्दोष. यादी हातात असताना कोणते ५ आणि कोणते ९ हे सांगायला तुमच्याकडे काहीही नाही. उरलेले १५ मशीनवाले तर यादीत आलेच नाहीत.

आजची काही साधने इंग्रजीवर याहून बरी आहेत, हे मान्य. पण तुमचा मजकूर मराठी आहे, लिहिणारे तेरा ते सोळा वर्षांचे आहेत आणि निबंध लहान आहेत. या तिन्हींच्या एकत्र मिश्रणावर ते साधन कोणी मोजले आहे का, हा खरा प्रश्न. वेबसाइटवर ‘अचूकता अमुक टक्के’ लिहिलेले असते ते कोणत्या मजकुरावर, हे शोधून बघा. ‘८७ टक्के मशीन’ याचा अर्थ ‘१०० पैकी ८७ वेळा हा आरोप खरा ठरतो’ असा होत नाही. तो त्या साधनाच्या आतला गुण आहे, ताप मोजल्यासारखे त्याला बाहेरचे एकक नाही.

मोजायचे असेल तर ते तुम्ही घरच्या घरी करू शकता. तुमची स्पर्धा दरवर्षीची आहे, तेव्हा जुन्या फायली असतील. २०१५ ते २०१९ मधले तीस निबंध काढा, जसेच्या तसे टाइप करा, मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि त्याच वेबसाइटवर टाका. त्या काळात शाळकरी मुलांच्या हाती मराठी निबंध लिहून देणारे मशीन नव्हते. म्हणजे जेवढे शिक्के बसतील तेवढे खोटे, यात वादच नाही. तिसांत तीन निघाले तर ११८ मध्ये अकरा-बारा आपोआप निघणारच होते, आणि तुमचे ११ तिथेच संपले. तिसांत एकही निघाला नाही तरी हुरळून जाऊ नका. तीस तपासून शून्य आले तर खरे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. संख्याशास्त्रात यासाठी सोपा नियम आहे, तीनाला नमुन्याच्या संख्येने भागायचे.

आता वॉटरमार्क. हा प्रकार मला स्वतःला फार देखणा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर. २०२३ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने मांडलेली पद्धत समजली की बाकीच्यांची कल्पना येते.

मॉडेल शब्दाशब्दाने नव्हे, टोकनांनी लिहिते. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. समजा मॉडेलने ‘घाटावर संध्याकाळी’ एवढे लिहिले आहे आणि पुढे ‘गर्दी’, ‘दिवे’, ‘शांतता’, ‘वारा’ यांपैकी काहीही येऊ शकते. आता मागचे टोकन आणि एक गुप्त किल्ली यांवरून एक संख्या काढायची, आणि त्या संख्येच्या आधारे मॉडेलच्या सगळ्या टोकनांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन भागांत वाटणी करायची, निम्मी हिरवी, निम्मी लाल. समजा ‘गर्दी’ आणि ‘दिवे’ हिरव्यात आले. मॉडेलला लाल शब्द बंद नसतो, फक्त हिरव्या शब्दांचे पारडे थोडे जड केले जाते. पुढच्या टोकनाला वाटणी पुन्हा नवी. वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण ज्याच्याकडे किल्ली आहे तो प्रत्येक जागची वाटणी पुन्हा करू शकतो आणि हिरवी टोकने मोजू शकतो.

माणसाने लिहिलेल्या २०० टोकनांत, त्याला यादी माहीतच नसल्याने, साधारण १०० हिरवी येतील. कमीजास्त होईल, पण फार नाही. किती फरक पडला म्हणजे संशय घ्यायचा, हे या सूत्राने ठरते. यात G म्हणजे हिरवी टोकने, T म्हणजे एकूण टोकने, आणि z म्हणजे नेहमीच्या कमीजास्तीच्या किती पट फरक पडला ते.

```
z = (G - T/2) / (√T / 2)
```

आमच्या प्रयोगातला एक उतारा २०० टोकनांचा होता आणि त्यात १४२ हिरवी निघाली. अपेक्षेपेक्षा ४२ जास्त. √२०० चे निम्मे सुमारे ७.०७, म्हणून z आला ५.९. योगायोगाने असे होण्याची शक्यता कित्येक कोटींत एक. सहसा z ४ च्या वर गेला तर ‘मशीन’ म्हणतात. अंदाज करणाऱ्या साधनांपाशी हीच गोष्ट नसते. इथे खोटा शिक्का किती वेळा बसेल हे आधीच गणिताने माहीत असते, आणि ते मूल रटाळ लिहिते की रसाळ यावर फारसे अवलंबून नसते.

मग अडते कुठे? तोच उतारा मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दिला आणि म्हटले, तुझ्या पद्धतीने जरा नीट कर. त्याने साधारण दर चौथे टोकन बदलले. ‘परंतु’चे ‘पण’ केले, ‘अत्यंत’ काढून ‘फार’ घातले, क्रियापदे मागेपुढे केली. यातली मेख अशी की एक टोकन बदलले की दोन तपासण्या बिघडतात. त्या टोकनाची स्वतःची तर बिघडतेच, शिवाय पुढच्या टोकनाची वाटणी ज्याच्यावरून काढायची तेच बदलल्यामुळे तीही बिघडते. म्हणून चारातली तीन टोकने जागेवर असली तरी शाबूत जोड्या पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे ५६ टक्केच उरतात. जादाची ४२ हिरवी टोकने २४ च्या आसपास येतात आणि z ३.३ वर घसरतो. ४ ची रेघ गेली. निम्मी टोकने विखरून बदलली तर पाव जोड्या उरतात आणि z दीडवर येतो. दीड म्हणजे पंधरा माणसांत एखाद्याचा सहज येईल एवढा. वॉटरमार्क काढून टाकायचा असे सहकाऱ्याच्या मनातही नव्हते. त्याने फक्त भाषा सुधारली, जे घरी आई किंवा ताई करते.

लांबीचाही असाच परिणाम. ७१ टक्के हिरवे हेच प्रमाण ठेवून उतारा ५० टोकनांचा केला तर z ३ पर्यंतच जातो. उलट, पाचशे टोकनांच्या निबंधात तोच वॉटरमार्क बराच मार खाऊनही टिकतो. त्यामुळे ‘वॉटरमार्क टिकतो का’ याला एक उत्तर नाही. किती लांब, किती बदल, पारडे किती जड केले होते, यावर ते ठरते.

पारडे जास्त जड का करत नाहीत, असे तुम्ही विचाराल. आम्ही केले. एके ठिकाणी ‘पाणी’ लाल यादीत गेले आणि मॉडेलने लिहिले, ‘मुलीने हंड्यात जल भरले.’ पुढच्या ओळीत ‘ती गृही परतली.’ खूण झकास उमटली, मराठीची वाट लागली. असा मजकूर ओळखायला किल्लीचीही गरज नाही.

याच्याही मुळाशी एक अडचण आहे आणि मराठीत ती जास्त बोचते. खूण उमटायला निवडीला वाव लागतो. ‘दक्षिणगंगा असेही’ यानंतर ‘म्हणतात’ हेच यायचे असेल तर तो शब्द लाल असो की हिरवा, मॉडेल तोच लिहिणार. तिथे खूण उमटतच नाही. म्हणून माहितीच्या, व्याख्यांच्या, पाठांतराच्या मजकुरात वॉटरमार्क विरळ होतो. मराठीत भर अशी की बऱ्याच मॉडेलांत आपला एक शब्द अनेक टोकनांत तुटतो. समजा ‘द्राक्षबागायतदार’ हा शब्द पाच-सहा तुकड्यांत गेला. ‘द्राक्षबागायत’पर्यंत आल्यावर पुढे ‘दार’ येणार हे जवळपास ठरलेलेच. म्हणजे मोजताना टोकने भरपूर दिसतात, पण खरी निवड शब्दाच्या सुरुवातीला एकदाच झालेली असते. इंग्रजीत २०० टोकनांत जेवढी खूण मावते तेवढी मराठीत मावत नाही. तुकडे कसे पडतात ते मॉडेलगणिक वेगळे, तेव्हा नेमका फटका किती ते मॉडेल बघूनच सांगता येईल.

भाषांतराचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मुलाने इंग्रजीत निबंध करून घेतला आणि भाषांतराच्या अॅपमधून मराठीत आणला तर मूळ टोकनांपैकी एकही उरत नाही. खूण शोधायला जागाच राहत नाही.

हे काही माझेच रडगाणे नाही. गूगल डीपमाइंडने सिंथआयडी ही पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. तिची रीत हिरव्या यादीपेक्षा वेगळी आहे, उमेदवार टोकनांचे सामने लावल्यासारखी. जेमिनीच्या सुमारे २ कोटी उत्तरांवर त्यांनी ती वापरून पाहिली आणि दर्जा घसरत नाही असे दाखवले. काम उत्तम आहे. पण मजकूर पूर्ण नव्याने लिहिला किंवा दुसऱ्या भाषेत नेला तर खात्री खूप कमी होते, आणि तथ्यांच्या उत्तरांत खूण कमी उमटते, हे त्यांनीच सांगितले आहे. ओपनएआयनेही २०२४ मध्ये सांगितले की त्यांच्याकडे मजकुराचा वॉटरमार्क तयार आहे, पण भाषांतर आणि दुसऱ्या मॉडेलकडून पुनर्लेखन यांपुढे तो कमी पडतो.

आणि समजा खूण शाबूत राहिली, तरी किल्ली कोणाकडे? प्रत्येक कंपनीची आपापली. एकीच्या किल्लीने दुसरीची खूण दिसत नाही. जी मॉडेले कोणीही उतरवून स्वतःच्या संगणकावर चालवू शकतो, त्यांत वापरणारा खूण बंदच ठेवू शकतो. किल्ली सगळ्यांना उघडी करून दिली तर काय होईल? मजकूर थोडा बदलायचा, तपासायचा, पुन्हा बदलायचा, शिक्का जाईपर्यंत. उलटही होते. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की मॉडेलला पुरेसे प्रश्न विचारून, ५० डॉलरपेक्षा कमी खर्चात, खुणेची रीत बऱ्यापैकी चोरता येते. मग ती पुसताही येते आणि भलत्याच मजकुरावर उमटवताही येते. म्हणजे सापडलेली खूणही पुरावा म्हणून निर्विवाद राहत नाही.

आता एक मराठीतलाच घोटाळा, कारण तुमच्या परीक्षकांच्या हाती तो कधीतरी येईल. ‘एआयच्या मजकुरात अदृश्य अक्षरे लपवलेली असतात, ती सापडली की चोरी पकडली’ असा संदेश फिरत असतो, आणि अशी अक्षरे दाखवणारी साधनेही असतात. आमच्याकडे एका ग्राहकाने एक लेख पाठवला होता, ‘यात १४ गुप्त खुणा निघाल्या’ असे लिहून. मी बघितले तर चौदाही ठिकाणी U+200D हे युनिकोडमधले अदृश्य जोडअक्षर होते, आणि प्रत्येक वेळी ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत. आपला आडवा रफार टाइप करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे ते अदृश्य जोडअक्षर U+200D. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता वापरला जाईल ते कीबोर्डवर ठरते. तेव्हा तो लेख लिहिणाऱ्याचा दोष एवढाच, की त्याने शेतकऱ्यांवर लिहिले होते.

याच कारणाने खऱ्या वॉटरमार्कचेही नुकसान होते. मॉडेलने एका पद्धतीने लिहिलेला ‘ऱ्या’ दुसऱ्या पद्धतीत गेला की त्या जागची टोकने बदलतात. मजकूर छपाईसाठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नेऊन परत आणला तर असे फरक पानभर होतात. डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर आम्ही म्हणूनच तपासायलाच घेत नसू.

तुमच्या ११ जणांचे काय करायचे, ते बरेचसे तुमच्या नियमांवर आहे. ‘एआयची मदत चालणार नाही’ असे प्रवेशपत्रिकेवर छापले नसेल तर बाद करायला मुळात आधारच नाही. छापले असेल तरी यादी बाजूला ठेवा, आणि परीक्षकांनाही ती पुन्हा दाखवू नका, कारण एकदा ‘८७ टक्के’ वाचले की चांगले वाक्यही संशयास्पद दिसू लागते. मी तुमच्या जागी असतो तर अंतिम फेरीला निवडलेल्या दहा-बारा जणांना, शिक्का असो वा नसो, एका शनिवारी बोलावले असते. चाळीस मिनिटे, कागद-पेन, जवळचाच एखादा विषय. नंतर प्रत्येकाशी पाच मिनिटे त्याच्या निबंधाबद्दल गप्पा. ‘हा घाट कोणता?’, ‘आजीने हे कधी सांगितले?’, ‘हा शब्द तुला कुठे मिळाला?’ ज्याने लिहिले आहे ते मूल बोलायला लागते की थांबत नाही. एखादे मूल बुजरे असते, त्याला वेळ द्या, ती परीक्षा वाटू देऊ नका. एखाद्याने मशीनची मदत घेतली असेल तर अशा गप्पांत बहुतेक वेळा तो स्वतःच सांगून टाकतो, हा माझा शिबिरांमधला अनुभव.

तिसऱ्या क्रमांकाच्या आतल्या त्या निबंधाबद्दल मला उत्सुकता आहे. त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव-गाव काढून, पालकांची परवानगी घेऊन, फक्त मजकूर इथे टाकलात तर कोणत्या वाक्यांनी आकडा वर गेला असेल ते ओळीओळीने दाखवता येईल. जुन्या तीस निबंधांचा प्रयोग केलात तर तीस पैकी किती निघाले तेही कळवा.